नदीत पोहलेले केस आणि तलावात पोहलेले केस

(सिरोंचा येथे विद्यार्थी, पालक आणि वसतिगृहांतील कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मी रसायनशास्त्राचा शिक्षक. केसांचा डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. आज हा विषय घेतला त्याला कारण एक मुलगी आहे. ती इथल्याच भागातली. प्राणहितेत पोहायला शिकली, चांगली पोहते म्हणून शहरातल्या जलतरण तलावावर सरावाला गेली. पाच-सहा महिन्यांनी दिवाळीला घरी आली तेव्हा तिच्या आजीनं वेणी सोडली आणि म्हणाली, हे केस आहेत की तणसाची पेंढी? टोकं तांबूस, हाताला खरखरीत, कंगवा अडकतो. घरात चर्चा सुरू झाली की पोहणं बंद करायचं. कुणी म्हणालं, तिथं पोरीला पोटभर खायला मिळत नाही, म्हणून केस लाल झाले.

तिचे वडील माझ्याकडे आले आणि एकच प्रश्न विचारला. "सर, लहानपणापासून नदीत पोहते. तेव्हा काही झालं नाही. मग आता काय झालं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. पाणी तर दोन्हीकडे पाणीच. फरक कशात आहे तो आधी पाहू, मग उपाय आपोआप कळतील.

आपला केस म्हणजे मेलेली वस्तू. जिवंत भाग फक्त कातडीच्या आत, मुळाशी. बाहेर जो दिसतो तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा. त्याच्यावर कौलांसारखे पातळ खवले एकावर एक बसलेले असतात. कौलांचा उतार मुळाकडून टोकाकडे. म्हणून केसावरून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, उलट फिरवलं तर किंचित अडतं. आत्ता करून बघा. (श्रोते करून पाहतात.) या कौलांवर एका चरबीयुक्त पदार्थाचा अतिशय पातळ थर केसाला घट्ट चिकटलेला असतो. आपण लावतो त्या तेलापेक्षा हा वेगळा. केसाबरोबरच तयार झालेला, केसाचा जन्मजात रेनकोट म्हणा. केस मऊ लागतो, पाणी त्यावरून घरंगळतं, ते या थरामुळे. एकदा तो गेला की त्या जागी परत येत नाही.

आता तलावाचं पाणी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. नंतर ओटीचं द्रावण टाकून पाणी पिवळं होतं का तेही तो बघतो. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन साधारण ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उरला तरी चालतो. पोहण्याच्या तलावात मात्र तो साधारण १ ते ३ मिलिग्रॅम ठेवतात, कारण रोज शंभर माणसं त्याच पाण्यात उतरतात. म्हणजे नळाच्या पाण्याच्या पाच ते पंधरा पट. आणि त्यात आपली मुलगी रोज दोन तास.

पाण्यातला हा क्लोरीन हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. जंतू मारायचे म्हणजे जंतूंची प्रथिनं आणि चरबी जाळायची, हेच त्याचं काम. केसावर बाहेरून चरबी आहे आणि आत प्रथिन. हा जंतू आहे आणि हा केस आहे, असा भेद क्लोरीनला करता येत नाही. तो आधी वरचा थर खातो, मग कौलं सैल करतो, मग आतल्या काळ्या रंगद्रव्यापर्यंत पोचतो. काळा रंग हळूहळू तांबूस होतो तो तिथे. २००० साली जपानमध्ये अव्वल जलतरणपटूंच्या केसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रंग बदललेल्या केसांवरची कौलं झिजून गेलेली त्यात दिसली. म्हणजे क्लोरीन आणि पाण्याचं घासणं, दोघांनी मिळून ते केलं होतं. उघड्या तलावावर ऊनही त्यात हातभार लावतं.

प्राणहितेच्या पाण्यात यातलं काही नाही. गाळ असतो, पण गाळ धुतला की जातो. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं.

यावर एक साधा प्रयोग शाळेत करता येतो. दोन सारख्या बाटल्या घ्या, दोन्हीत टीसीएल घातलेलं एकाच घागरीतलं पाणी भरा. एका बाटलीत कंगव्यातून निघालेल्या केसांचा, धुऊन कोरडा केलेला, लहानसा गुंता टाका. झाकणं लावून दोन्ही सावलीत ठेवा, कारण उन्हात क्लोरीन आपोआपही उडतो. तासाभरानं दोन्हीतलं थोडं पाणी वेगळ्या नळीत घेऊन ओटीचे थेंब टाका. केस असलेल्या बाटलीचं पाणी फिकं पिवळं होईल. नुसत्या पाण्यातला क्लोरीन बराचसा तसाच आहे, इथला कमी झाला. तो कुठे गेला? केसात गेला. ओटीचं द्रावण हाताला किंवा केसाला लावायचं नाही, फक्त नळीतल्या पाण्यात. काम झालं की हात धुवायचे.

आता समुद्राचं पाणी. आपल्या मुली मालवणला चिवला बीचवर समुद्री जलतरण स्पर्धेला जातात, म्हणून हेही सांगतो. मीठ क्लोरीनसारखं केसाला जाळत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. दाट, पाठीपर्यंतच्या केसांत पोहून बाहेर आल्यावर दीडशे मिलिलिटर पाणी अडकलेलं असतं असं धरा. म्हणजे पाच ग्रॅम मीठ, चहाचा एक चमचा. ऊन-वाऱ्यानं पाणी उडतं, मीठ उरतं, आणि त्याचे बारीक खडे कौलांच्या मध्ये बसतात. मग कंगवा फिरवला, टॉवेलनं चोळलं, की ते खडे पॉलिश पेपरसारखे घासतात. थोडक्यात, समुद्राचं नुकसान होतं ते मुख्यतः बाहेर आल्यानंतर, केस वाळताना. म्हणून तिथे न वाळू देता धुणं हाच खरा उपाय. तलावात मात्र नुकसान पाण्यात असतानाच सुरू झालेलं असतं, म्हणून तिथे उतरण्याआधीची तयारी जास्त महत्त्वाची.

ती तयारी अशी. पहिली गोष्ट, तलावात उतरण्याआधी साध्या पाण्यानं केस मुळापासून टोकापर्यंत भिजवायचे. वरवर शिंपडायचे नाहीत, दोन तांबे ओतून पिळायचे. कोरडा केस स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी आत ओढून घेतो. ते पहिलं पाणी क्लोरीनचं नसावं, एवढंच आपण बघतो. यानं क्लोरीन अडत नाही, उशीर होतो. दोन तासांच्या सरावात पाण्याची देवाणघेवाण होतच राहते, म्हणून एवढ्यावर थांबायचं नाही.

दुसरी गोष्ट खोबरेल तेल. २००३ साली आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी मॅरिको कंपनीत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल अशी तीन तेलं केसांना लावून, धुताना केसातून किती प्रथिन निघून जातं ते त्यांनी मोजलं. ते कमी करणारं तेल एकच निघालं, खोबरेल. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे विसरू नका. पण कारण रसायनशास्त्राला पटणारं आहे. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं, त्याचे रेणू लहान आणि सरळ. ते केसाच्या आत शिरतात आणि आतून पाणी जास्त शोषू देत नाहीत. आपल्याकडचं मोहाच्या टोळीचं तेल वाईट नाही, पण त्याचे रेणू लांब. ते केसावर बसतं, घासणं कमी करतं, आत फारसं जात नाही.

इथे मुली चूक करतात. तेलानं चिपचिपीत होऊन तलावात उतरतात. तलावाचं पाणी गढूळ होतं, रखवालदार ओरडतो, आणि बरोबरच ओरडतो. तेल आदल्या रात्री लावायचं. पाठीपर्यंतच्या केसांना दोन चमचे, त्यातलं बहुतेक कानाच्या खाली, टोकांना. रात्रभरात जेवढं आत जायचं तेवढं जातं. सकाळी केस हाताला ओशट लागत असतील तर जास्त झालं, पुढच्या वेळी कमी घ्यायचं.

तिसरी गोष्ट टोपी. टोपीनं केस कोरडे राहत नाहीत, कडेनं पाणी शिरतंच. पण आत शिरलेलं थोडं पाणी आतच राहतं. त्यातला क्लोरीन संपला की नवा येत नाही. शिवाय पाण्याचं घासणं थांबतं. टोपी सिलिकॉनची घ्या. रबरी लॅटेक्सची टोपी तेलानं चिघळते आणि काढताना केस उपटते.

आता बाहेर आल्यावर. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे गप्पा मारत ओल्या केसांवर तास घालवणं. बाहेर आलात की पाच मिनिटांच्या आत साधं पाणी. किती? इथे थोडं गणित करू. केसात दीडशे मिलिलिटर पाणी आहे. एक लिटर साधं पाणी ओतलं, बोटांनी नीट कालवलं आणि पिळलं, तर जुनं मीठ किंवा क्लोरीन साधारण सातव्या-आठव्या हिश्श्यावर येतं. पुन्हा एक लिटर, पुन्हा पिळा, पन्नासाव्या हिश्श्याच्याही खाली. तिसऱ्यांदा केलं की पाच ग्रॅम मिठातलं एक चिमूटसुद्धा उरत नाही. म्हणजे तीन लिटर पाणी, तीन वेळा, मध्ये पिळून. न पिळता तीन लिटर एकदम ओतलं तर बरंचसं पाणी वरूनच वाहून जातं. जिथे पाण्याची टंचाई आहे तिथे हा हिशेब फार उपयोगी.

क्लोरीनचं मात्र थोडं वेगळं. जो केसाच्या प्रथिनाला चिकटून बसला तो नुसत्या पाण्यानं लवकर निघत नाही. पोहून आंघोळ केली तरी संध्याकाळी केसाला तलावाचा वास येतो, तो हाच. त्यासाठी क जीवनसत्त्व. ते क्लोरीनला निष्प्रभ करतं. एक भाग क्लोरीनला वजनानं अडीच भाग क जीवनसत्त्व लागतं. आपल्या दीडशे मिलिलिटर पाण्यात, लिटरला दोन मिलिग्रॅमच्या हिशेबानं, क्लोरीन किती? ०.३ मिलिग्रॅम. त्याला क जीवनसत्त्व लागलं पाऊण मिलिग्रॅम. एका कागदी लिंबाच्या रसात साधारण दहा मिलिग्रॅम असतं. म्हणजे एक लिंबू भरपूर झालं! ("बाजारातली महागडी बाटली नको?" एका ताईंचा प्रश्न. हशा.) नको, ताई. एक लिटर पाण्यात एक लिंबू पिळा, गाळून घ्या, तिसऱ्या पाण्याच्या जागी हे ओता, दोन मिनिटं ठेवा आणि साध्या पाण्यानं धुवा. मेडिकलमधली क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची गोळी कुटून विरघळवली तरी चालेल, पण चघळायच्या गोळीत साखर असते, ती नीट धुऊन टाकावी लागते.

एक सावधगिरी. लिंबाचा रस, विशेषतः सालीचं तेल, कातडीवर राहिलं आणि त्यावर ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. म्हणून हे धुणं सावलीत, आणि मान-कपाळ-कान धुऊन मगच उन्हात. डोक्यावर जखम किंवा खरूज असेल तर लिंबू नकोच.

आता साबण. आपल्याकडे कितीतरी बोअरचं पाणी जड असतं, साबणाला फेस येत नाही. ते न आलेलं फेसाचं रूप म्हणजे चुन्याचा साबण, पांढरा चिकट थर. तो केसांवर बसतो आणि केस आणखी तणसासारखे लागतात. मी त्या मुलीला विचारलं, डोकं कशानं धुतेस? अंगाच्या साबणानं, रोज. अर्धा त्रास तिथेच होता. जड पाण्यात शाम्पूचा असा थर बसत नाही. पण शाम्पू आठवड्यातून दोन-तीनदाच, आणि तोही डोक्याच्या कातडीला. टोकांना खाली वाहणारा फेस पुरतो. बाकीच्या दिवशी नुसतं तीन वेळा धुणं.

शाम्पूनंतर कंडिशनर. हा काय करतो ते समजलं की लावायची पद्धत चुकत नाही. जिथे केसाचा वरचा थर गेला तिथे केसावर ऋण विद्युतभार जास्त येतो. कंडिशनरमधले रेणू धन भाराचे असतात, ते नेमके त्या जखमी जागी जास्त चिकटतात आणि तिथे निसरडं आवरण तयार करतात. म्हणून तो टोकांना लावायचा, मुळांना नाही. आधी केस चांगले पिळायचे, नाहीतर केसातल्या पाण्यात तो पातळ होऊन निघून जातो. पाठीपर्यंतच्या केसांना एक छोटी पुडी पुरते. दोन-तीन मिनिटं ठेवायचा, त्याच वेळी मोठ्या दातांच्या कंगव्यानं टोकापासून वर वर जात गुंता सोडवायचा, मग धुवायचा. कंडिशनर नसेल तर ओल्या केसांच्या टोकांना तळहातावर पसरलेले खोबरेलाचे तीन-चार थेंब. काम तेच नाही, पण घासणं कमी होतं.

वाळवताना चोळायचं नाही. जुना सुती पंचा गुंडाळून दाबायचं. ओला केस ताणला की लांबतो आणि तुटतो, म्हणून ओली वेणी घट्ट घालायची नाही.

आता महत्त्वाचा भाग, विशेषतः अधीक्षिका आणि आशाताईंसाठी. केस तांबूस दिसले की ते पोहण्यामुळेच, असं धरून चालू नका. आपल्या जिल्ह्यात कुपोषण आहे. प्रथिनांच्या कमतरतेनंही केस तांबूस होतात. फरक कसा ओळखायचा? पोहण्याचं नुकसान टोकाला सगळ्यांत जास्त आणि मुळाशी जवळजवळ नाही, कारण मुळाजवळचा केस नवा, त्यानं तलाव कमी पाहिला. कुपोषणात केस मुळापासूनच बदललेला, बारीक, विरळ असतो आणि हलक्या हातानं ओढला तरी निघून येतो. कधी एकाच केसावर फिकट-गडद पट्टे दिसतात, कारण मधले काही महिने बरं खाणं मिळालेलं असतं. दुसरी खूण कंगव्यात. निघालेला केस अखंड आणि टोकाला पांढरी गाठ असेल तर तो मुळातून गळला. तुकडे असतील, गाठ नसेल, तर तो तुटला. पोहणाऱ्यांचे केस तुटतात. मुळातून भराभर गळत असतील, किंवा वजन कमी होतंय, पायावर सूज, थकवा असं काही असेल, तर कंडिशनर बाजूला ठेवा आणि मुलीला दवाखान्यात न्या.

त्या मुलीच्या कंगव्यात तुकडे होते. मुळाशी तीन-चार बोटं केस काळेभोर आणि मऊ. आजीला मी ते दाखवलं. म्हटलं, आजी, हा नवा केस बघा, पोरीला खायला मिळतंय. आजीनं दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिला.

शेवटी मर्यादा. मी सांगितलं त्यानं जुना केस बरा होत नाही. मेलेला धागा भरून येत नाही, फक्त आणखी उसवायचा थांबतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच्या थोडा वर वाढतो. सहा महिन्यांचं नुकसान कापून भरून काढायचं तर वेळ लागणारच. आम्ही तिची टोकं चार बोटं कापली आणि परतताना तिच्या पिशवीत खोबरेलाची बाटली, सिलिकॉनची टोपी आणि एक स्टीलचा तांब्या दिला. आता तो तांब्या तलावाच्या कडेला असतो. पहिल्या आठवड्यात बाकीच्या मुली हसल्या, म्हणे. होळीला घरी आली तेव्हा तिची वेणी आजीनंच घातली, आणि कंगवा अडकला नाही.

("सर, केस बारीक कापून टाकले तर?" मागच्या रांगेतून एका मुलीचा प्रश्न.) तर पाणी कमी लागेल, तेल कमी लागेल, बाकी नियम तेच. पण ते तू ठरव, बाई. केस वाचवण्यासाठी पोहणं सोडायची गरज नाही, आणि पोहण्यासाठी केस कापायचीही नाही.